तीन तासांचा पेपर तीन तासांतच सुटेल ना? पहिल्यांदा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब

बारावीच्या पूर्वपरीक्षेची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका मी पहिल्यांदा काढली तेव्हा संविधान तक्ता अगदी चोख भरला होता. प्रत्येक प्रकरणाला ठरलेलं गुणभारांकन, सोपे-मध्यम-कठीण यांचं प्रमाण, सगळं जागच्या जागी होतं. पेपर झाला आणि गठ्ठा तपासायला बसले, तर शेवटच्या विभागातले चार-चार गुणांचे प्रश्न निम्म्याहून जास्त मुलांनी एक तरी सोडलेला. आधी मला वाटलं, मुलांनी अभ्यासच केला नाही. मग एका हुशार मुलीची उत्तरपत्रिका हातात आली. शेवटच्या पानावर समांतर अक्षांच्या प्रमेयाची आकृती, सिद्धतेच्या तीन ओळी, आणि चौथी ओळ अर्ध्यावर तुटलेली. तिला सिद्धता येत होती, पण घंटा आधी झाली.

तक्त्यात गुणांचा रकाना होता, मिनिटांचा नव्हता. तो रकाना कसा भरायचा ते पुढे पायरीपायरीने सांगते. उदाहरण म्हणून आपल्या राज्य मंडळाचा बारावी भौतिकशास्त्राचा ७० गुणांचा, तीन तासांचा आराखडा घेतला आहे, कारण मी वर्षानुवर्षं तोच हाताळते आहे. विषय वेगळा असेल तर आकडे बदलतील, पण हिशेब असाच करावा लागेल.

बसण्याआधी जवळ काय हवं

- मंडळाचा प्रश्नपत्रिकेचा आराखडा आणि तुमचा संविधान तक्ता
- प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा आणि गुणदान योजना (अर्धा गुण कुठे, एक गुण कुठे, इतकी बारीक)
- मुलांना देतात तसलीच रेघांची उत्तरपत्रिका, तुमची नेहमीची वही नको
- लॉग टेबल, पट्टी, पेन्सिल
- स्टॉपवॉच, मोबाइलमधलं चालेल
- मागच्या घटक चाचणीच्या चार-पाच उत्तरपत्रिका

१. आधी १८० मिनिटांतून वजाबाकी करा

बहुतेक जण १८० ला ७० ने भागतात आणि 'एका गुणाला अडीच मिनिटं' असा आकडा मनात धरतात. हा आकडा दोन कारणांनी फसवतो. पहिलं कारण असं, की मूल १८० मिनिटं लिहीत नसतं.

या आराखड्यात मुलांना किती वाचावं लागतं ते मोजा. विभाग अ मध्ये १० बहुपर्यायी आणि ८ अतिलघुत्तरी प्रश्न. ब मध्ये दोन गुणांचे १२, त्यातले कोणतेही ८. क मध्ये तीन गुणांचे १२, त्यातलेही ८. ड मध्ये चार गुणांचे ५, त्यातले ३. म्हणजे सोडवायचे ३७, पण वाचायचे ४७. कोणता घ्यायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवण्यात वेळ जातो तो वेगळाच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलाला इंग्रजीतला प्रश्न दोनदा वाचावा लागतो. मी यासाठी १० मिनिटं बाजूला काढते. पुरवणी मागणं, तिच्यावर क्रमांक टाकणं, दोरा बांधणं आणि शेवटी एकदा नजर फिरवणं याला आणखी १० मिनिटं.

राहिली १६० मिनिटं. ७० ने भागलं तर एका गुणाला साधारण २.३ मिनिटं येतात. अडीच आणि २.३ यांत फरक किरकोळ वाटतो, पण ७० गुणांवर तो जवळपास एका संपूर्ण विभागाइतका होतो. वर सांगितलेली २० मिनिटं तीच.

मंडळाने २०२३ पासून प्रश्नपत्रिका आधी देण्याची पद्धत बंद करून पेपरच्या शेवटी १० मिनिटं वाढवून दिली आहेत. ती हिशेबात धरू नका. ती मुलांची आहेत, प्राश्निकाची नाहीत.

२. विभागवार मिनिटं ठरवा. सगळ्या गुणांना सारखी देऊ नका

दुसरं कारण हे, की सगळ्या गुणांची किंमत वेळेत सारखी नसते. बहुपर्यायी प्रश्नाचा एक गुण मिनिटभरात मिळतो. सिद्धतेच्या चार गुणांसाठी दोन पानं लिहावी लागतात. माझा हिशेब असा असतो:

- प्र. १, बहुपर्यायी १०: सात प्रश्न एकेक मिनिटाचे, तीन छोट्या आकडेमोडीचे, प्रत्येकी अडीच मिनिटं, धरायची १५ मिनिटं
- प्र. २, अतिलघुत्तरी ८: १० मिनिटं
- विभाग ब, दोन गुणांचे ८: प्रत्येकी साडेचार, एकूण ३६ मिनिटं
- विभाग क, तीन गुणांचे ८: प्रत्येकी साडेसात, एकूण ६० मिनिटं
- विभाग ड, चार गुणांचे ३: प्रत्येकी ११, एकूण ३३ मिनिटं

बेरीज १५४. बाजूला काढलेली २० धरून १७४. सहा मिनिटं मोकळी राहतात आणि ती राहिलीच पाहिजेत, कारण एखादा प्रश्न आपल्या अंदाजापेक्षा लांबतोच.

यात पाहण्यासारखं काय आहे? अ विभागाचे १८ गुण २५ मिनिटांत होतात. म्हणून उरलेल्या ५२ गुणांना १२९ मिनिटं मिळतात, म्हणजे गुणामागे जवळजवळ अडीच. मोठ्या उत्तरांचा वेळ छोट्या प्रश्नांतून वाचतो. आता तुम्ही दहाच्या दहा बहुपर्यायी प्रश्न आकडेमोडीचे घातलेत, तर तिथेच २५ मिनिटं जातील. ती दहा जास्तीची मिनिटं शेवटच्या विभागातून कापली जातील आणि तुम्हाला वाटेल की ड विभाग कठीण होता. माझ्या पहिल्या पेपरमध्ये नेमकं हेच झालं होतं. चूक पहिल्या पानावर होती आणि दिसली शेवटच्या पानावर.

३. उत्तर स्वतः लिहा, घड्याळ लावून

प्रश्न वाचून 'याला पाच मिनिटं पुरतील' असं ठरवू नका. आपण वीस वर्षं तीच सिद्धता फळ्यावर लिहितो आहोत, आपल्याला ती लांब वाटतच नाही. उत्तरपत्रिकेवर पूर्ण उत्तर लिहा. आकृती पट्टीने काढा, नावं द्या, सूत्र लिहा, किमती भरा, एकक लिहा. गुणदान योजनेत ज्या गोष्टीला अर्धा गुण आहे, ती तुमच्या उत्तरात कागदावर उमटलेली हवी.

प्रश्न तयार केला त्याच दिवशी सोडवू नका. उत्तर डोक्यात ताजं असतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या किंवा दुसऱ्या तुकडीच्या सहकाऱ्याला सोडवायला द्या. सहकाऱ्याचा फायदा असा की तो प्रश्न पहिल्यांदा वाचतो, त्यामुळे वाक्यरचना संदिग्ध असेल तर तो तिथेच अडखळतो. अडखळण्याचा वेळही मोजायचाच.

मग आपल्या वेळेचा मुलांच्या वेळेत गुणाकार. सरसकट दुप्पट करणं हा सगळ्यांत प्रचलित नियम आहे आणि तो सिद्धतांपुरता बरा चालतो, कारण तिथे पाठ असलेलं लिहून काढायचं असतं आणि हात आपला आणि त्यांचा थोड्याफार फरकाने सारखाच चालतो. न्यूमेरिकलला दुप्पट पुरत नाही. माझ्या वर्गांत अडीच पट लागते. बहुपर्यायी प्रश्नांत तर तिप्पट, कारण आपल्याला उत्तर दिसतं आणि मुलाला चारही पर्याय तपासावे लागतात.

माझे आकडे तसेच्या तसे उचलू नका. तुमच्या वर्गाचे काढा. त्याची युक्ती पुढच्या पायरीत आहे.

४. समासात घड्याळाची वेळ लिहायला सांगा

पूर्वपरीक्षेच्या आधी घटक चाचणी असतेच. त्या दिवशी चार-पाच मुलांना आधीच सांगून ठेवा: प्रत्येक प्रश्न संपला की समासात पेन्सिलीने घड्याळातली वेळ लिहायची. ११.०७, ११.१२, एवढंच. यात दोन साधारण मुलं हवीत, एक भराभर लिहिणारा आणि एक सावकाश लिहिणारा. फक्त पहिल्या बाकावरच्या मुलांना सांगितलंत तर सगळा अंदाज त्यांच्याच वेगाचा होईल, आणि पेपर काही त्यांच्यापुरता काढायचा नसतो.

या वेळा आणि तुमची स्वतःची वेळ शेजारी-शेजारी मांडा. तीन-चार चाचण्यांत तुमचा गुणक स्थिर होतो. मी साधारण मुलाची वेळ हिशेबात धरते आणि सावकाश लिहिणाऱ्याची वेळ मर्यादा म्हणून बघते. साधारण मुलाला १७४ मिनिटं लागली तर सावकाश मुलाचा एखादा प्रश्न लिहायचा राहून जाईल हे मी मान्य करते. त्याचा सगळा ड विभाग राहून जाणार असेल तर मात्र पेपर बदलते.

५. आकडे असे निवडा की भौतिकशास्त्राची परीक्षा होईल, लॉग टेबलची नाही

या पायरीवर जरा थांबते, कारण सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो आणि तो वाचवणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

बारावीच्या भौतिकशास्त्राला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. आता दोन गुणांचा एक प्रश्न घ्या: शंकुगती लंबकाची लांबी ०.८७ मीटर, दोरीने उभ्या रेषेशी केलेला कोन २८°, आवर्तकाल काढा. सूत्र T = 2π√(L cosθ / g).

मूल काय करेल? कोसाइनच्या टेबलात २८° बघेल. मग ०.८७ चा लॉग, ०.८८२९ चा लॉग, ९.८ चा लॉग. बेरीज, वजाबाकी, दोन्ही ठिकाणी बार. वर्गमूळ आहे म्हणून बार असलेल्या आकड्याचं निम्मं. त्यात 2π चा लॉग मिळवायचा आणि शेवटी अँटिलॉग. सहा वेळा टेबल उघडायचं. मला स्वतःला तीन मिनिटं लागली, म्हणजे मुलाला सात ते आठ. आणि दोन गुणांसाठी आपण साडेचार मिनिटं ठरवली आहेत.

आता तोच प्रश्न, लांबी ०.७८४ मीटर आणि कोन ६०°. cos 60° मुलांना पाठ असतो, ०.५. ०.७८४ गुणिले ०.५ म्हणजे ०.३९२. भागिले ९.८ म्हणजे ०.०४. वर्गमूळ ०.२. आवर्तकाल २ × ३.१४२ × ०.२, म्हणजे १.२५७ सेकंद. टेबल उघडावंच लागत नाही. मला दीड मिनिट लागलं, मुलाला पावणेचारच्या आसपास. सूत्र तेच, कोन कुठला घ्यायचा ही पारख तीच, एकक तेच. गुणदान योजनेतला एकही अर्धा गुण बदलला नाही.

असे आकडे उलटीकडून तयार करायचे. आधी वर्गमूळाखाली काय हवं ते ठरवा, इथे ०.०४. मग मागे येत लांबी काढा. सुरुवातीला वेळ लागतो, नंतर हात बसतो.

लॉग अजिबात नको असं मी म्हणत नाही. मंडळाच्या पेपरात ते येणार, मुलांना सवय हवी. सोडवायच्या प्रश्नांत दोन-तीन न्यूमेरिकल लॉगचे ठेवा, पण तीन गुणांच्या विभागात ठेवा, म्हणजे वेळ मावतो. आणि लॉगच्या जागी किमती प्रश्नपत्रिकेत दिल्यात तरी चालतं. √१० किंवा π² ची किंमत दिली की दोन मिनिटं वाचतात.

६. सिद्धतेच्या ओळी मोजा

सिद्धतेचा वेळ काढायला मी उत्तराचे तुकडे करते. समांतर अक्षांचं प्रमेय, चार गुण: विधान आणि सिद्धता. विधान साधारण ३० शब्दांचं, दोन मिनिटं. नावं दिलेली आकृती, अडीच मिनिटं. 'समजा, वस्तूचं वस्तुमान इतकं, वस्तुमानकेंद्र इथे' हे स्पष्टीकरण आणखी ३० शब्द, दोन मिनिटं. मग समीकरणांच्या आठ ओळी, शेवटची I_O = I_C + Mh², ओळीला अर्धं मिनिट धरून चार. प्रश्न वाचणं आणि आठवणं एक मिनिट. बेरीज साडेअकरा. ठरवलेल्या अकराच्या जवळ आहे, चालेल.

आता इथे सापळा आहे. पुष्कळ जणांना वाटतं की नुसती सिद्धता म्हणजे घोकंपट्टी, म्हणून ती तीन गुणांना ठेवतात आणि चौथ्या गुणासाठी एक न्यूमेरिकल जोडतात. हेतू चांगला असतो. पण साडेअकरा मिनिटांचं लिखाण तेवढंच राहतं आणि वर तीन-साडेतीन मिनिटं चढतात. प्रश्न पंधरा मिनिटांचा होतो, गुण चारच. ड विभागात असे तीन झाले की ३३ च्या जागी ४५ मिनिटं. न्यूमेरिकल जोडायचंच असेल तर प्रश्नाचं लिखाण कमी करा: आकृती छापून द्या किंवा फक्त विधान मागा आणि त्यावरून गणित द्या.

'त्यावरून काढा' अशी शेपटी जोडलेल्या प्रश्नांना हाच नियम. शेपटीला गुण किती दिलेत आणि तिच्या ओळी किती, ते पाहा.

७. पर्याय असलेल्या विभागात सर्वांत लांब आठ जोडून बघा

'कोणतेही आठ' म्हटल्यावर आपण सरासरी काढून मोकळे होतो. पण मूल सरासरी प्रश्न निवडत नाही. मागे एकदा माझ्या क विभागातल्या बारा प्रश्नांच्या वेळा अशा आल्या, मिनिटांत: ५, ६, ६, ६.५, ७, ७, ७.५, ७.५, ८, ८, ९, १०.५.

बाराची बेरीज ८८, आठांची सरासरीने साधारण ५९. साठच्या आत, म्हणजे ठीक. पण सर्वांत छोटे आठ जोडले तर ५२.५ आणि सर्वांत लांब आठ जोडले तर ६४.५. दोन्ही मुलांना २४ पैकी २४ गुण, पण एकाच्या हातात बारा मिनिटं जास्त. ही बारा मिनिटं अभ्यासाने मिळालेली नाहीत, निवडीने मिळाली. तीन तासांच्या पेपरात बारा मिनिटं म्हणजे ड विभागातला एक अख्खा प्रश्न.

मी साडेदहाचा प्रश्न काढून आठचा घातला. सर्वांत लांब आठांची बेरीज ६२ वर आली. पाच मिनिटांच्या प्रश्नात एक फरक विचारून तो सहावर नेला. एका विभागातल्या लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या प्रश्नात तीन मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको, हा माझा नियम.

विभाग ठरल्यापेक्षा लांब निघाला तर काय करायचं, याचा माझा क्रम असा: आधी न्यूमेरिकलचे आकडे सोपे करा, मग आकृत्या छापून द्या, मग शेपट्या कापा. प्रश्नच बदलायची वेळ सर्वांत शेवटी. प्रश्न बदलला की संविधान तक्त्यातलं प्रकरणाचं गुणभारांकन हलतं आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

८. पेपर झाल्यावर: लांब होता की कठीण, हे कसं ओळखायचं

तपासताना शेजारी एक कोरा कागद ठेवा. प्रत्येक उत्तरपत्रिकेत मुलाने सर्वांत शेवटी कोणता प्रश्न लिहिला आणि तो पूर्ण आहे की तुटलेला, एवढं नोंदवा.

मुलं वेगवेगळ्या क्रमाने सोडवतात. कोणी ड विभागापासून सुरुवात करतं, कोणी अ पासून. तुटलेली उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची असतील, पण सगळी शेवटच्या पानावर असतील, तर पेपर लांब होता. एकच प्रश्न बहुतेकांनी मधेच सोडला असेल आणि पुढचे व्यवस्थित लिहिले असतील, तर तो प्रश्न कठीण होता किंवा कळला नाही. दोन्हींना उपाय वेगळा आहे, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

लांब पेपरची आणखी एक खूण: शेवटच्या दोन पानांत अक्षर मोठं आणि तिरकं होतं, आकृत्या पट्टीशिवाय येतात, एककं गायब होतात. सुरुवातीच्या पानांवर एकक न विसरणारा मुलगा शेवटी विसरत असेल, तर त्याला एकक येत नाही असं समजू नका.

उलटंही होतं. अडीच तासांत अर्धा वर्ग पेन खाली ठेवून बसला असेल तर पर्यवेक्षकाला विचारा, पुरवण्या किती गेल्या. पुरवण्या भरपूर गेल्या असतील तर पेपर आखूड होता. पुरवण्याच गेल्या नसतील तर मुलं सोडवून नाही, सोडून बसली होती.

ही नोंद, विभागवार मिनिटं आणि तुमचा गुणक एका पानावर लिहून त्या वर्षीच्या संविधान तक्त्याला टाचून ठेवा. माझ्याकडे अशी आठ पानं आहेत. विभागात नवीन शिक्षक आला की मी त्याच्या हातात पाठ्यपुस्तकाआधी तीच देते.